दहा मिनिटांत भूजल सांगायचं होतं: भाषण लिहिताना आकडे कसे गोल केले, माझा अनुभव

मागच्या दुष्काळी वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी आमच्या जिल्ह्यात टंचाई आढावा बैठक होती आणि तिथे आमच्या पाणलोटातल्या विहिरींबद्दल बोलायला मला दहा मिनिटं मिळाली. मी भूशास्त्र शिकलोय, मराठवाड्यातल्या एका लहान पाणलोट गटासोबत काम करतो, आणि पाच-सहा वर्षं आम्ही १४ विहिरींचं पाणी स्वतः मोजतोय. समोर जिल्हाधिकारी, तहसीलदार, गटविकास अधिकारी, कृषी आणि पाणीपुरवठ्याचे लोक. माझं पहिलं भाषण तयार झालं तेव्हा त्यात ३१ आकडे होते, सगळे दशांशासकट.

ते मी आईला वाचून दाखवलं. ती शेतात राबलेली बाई, विहीर तिला माझ्यापेक्षा जास्त कळते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना विचारलं, काल मी काय सांगितलं गं, कुठला आकडा आठवतोय? ती म्हणाली, आकडा नाही आठवत बाळा, पण पाणी वाढलंय असं काहीतरी म्हणत होतास ना?

मी हादरलोच. मी वाचलं होतं, "भूजल पातळी ४.३७ वरून ६.५१ झाली". आम्ही खोली जमिनीपासून खाली मोजतो त्यामुळे आकडा वाढला म्हणजे पाणी उतरलं, पण ऐकणाऱ्याला पातळी आणि मोठा आकडा एकत्र ऐकला की पाणी चढलं असंच वाटणार, आणि बैठकीत दहा जणांपैकी निम्म्यांना तसं वाटलं असतं तर संपलंच. म्हणून पहिला नियम असा ठरवला की 'पातळी अमुक झाली' असं म्हणायचंच नाही, 'पाणी इतकं खाली गेलं' म्हणायचं.

मग आकडे गोल करायला बसलो. सोपं वाटतं पण इथे एक चूक सहज होते. आमच्या एका विहिरीत पाच वर्षांची ऑक्टोबरची सरासरी ७.६ मीटर आणि यंदा ९.४. आधी गोल केलं तर ८ आणि ९, फरक १ मीटर. आधी वजाबाकी केली तर १.८, म्हणजे जवळपास २. एकाच विहिरीची दोन उत्तरं, आणि एक दुसऱ्याच्या दुप्पट! तेव्हा आधी वजाबाकी, मग गोल. आणि तुलना ऑक्टोबरची ऑक्टोबरशीच, मेची मेशीच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणासुद्धा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते, आणि त्या त्या महिन्याच्या गेल्या ५ वर्षांच्या सरासरीशी ताडून बघते.

गोल करण्याआधी मूळ आकडे खरे आहेत का हे बघायलाच हवं होतं, आणि बरं झालं बघितलं. एका विहिरीत पाणी एकदम मीटरभर जास्त उतरलेलं दिसत होतं. जाऊन बघतो तर मालकाने उन्हाळ्यात कठडा नवीन बांधून मीटरभर उंच केलेला. आम्ही टेप कठड्यावरून सोडतो आणि कठड्याची उंची वजा करतो, पण वहीत जुनीच उंची होती. पाणी उतरलं नव्हतं, कठडा चढला होता. दुसऱ्या एका विहिरीत मोजणारा पोरगा पोचला तेव्हा मोटर तासाभरापूर्वीच बंद झालेली, पाणी अजून चढत होतं, ते माप टाकून दुसऱ्या दिवशी पहाटे परत घेतलं.

सगळ्यात मोठी गडबड मात्र कोरड्या विहिरींची. १४ पैकी ३ विहिरींना ऑक्टोबरातच तळ दिसत होता. कोरड्या विहिरीत माप येत नाही म्हणून तक्त्यात तिथे रिकामी जागा, आणि सरासरी काढताना संगणक रिकामी जागा सोडून देतो. म्हणजे ज्यांची अवस्था सगळ्यात वाईट त्याच मोजणीतून बाहेर! उरलेल्या ११ विहिरींची घट कठड्याची दुरुस्ती करून २ मीटरच्या किंचित वर येत होती. कोरड्या तिघींमध्ये पाणी किमान ५ मीटर खाली गेलं होतं, किमान अशासाठी की तळाच्या खाली किती गेलं ते कळायला मार्ग नाही. ते धरले तर सरासरी पावणेतीन. मग भाषणात कुठली सरासरी सांगायची? मी दोन्ही सोडून दिल्या आणि सरळ मोजदाद लिहिली: "आमच्या १४ विहिरींपैकी ११ मध्ये पाणी दरवर्षीपेक्षा पुरुषभर खाली आहे. उरलेल्या ३ मध्ये पाणीच नाही." यात लपायला जागा नाही, आणि कुणी विचारलंच तर तक्ता खिशात होता.

पण पुरुषभर खाली म्हणजे नेमकं किती पाणी गेलं? इथे मला आमच्या एका निवृत्त भूवैज्ञानिक सरांनी बसवून शिकवलं. ते म्हणाले, "अहो, खाली तलाव नाहीये. आपला बेसॉल्ट, मुरूम झालेला थर असला तरी शंभर भागांत साधारण दोनच भाग असं पाणी देतो जे विहिरीत येऊ शकतं. ते धरून एका एकराचा हिशोब करा." केला. एकर म्हणजे ढोबळ ४ हजार चौरस मीटर. पाणी १ मीटर उतरलं तर ४ हजार घनमीटर खडक रिकामा झाला, त्याच्या २ टक्के म्हणजे ८० घनमीटर, म्हणजे ८० हजार लिटर. १० हजार लिटरचे ८ टँकर.

हाच आकडा भाषणाचा कणा झाला. एक एकर, एक मीटर, आठ टँकर. चौरस किलोमीटर म्हणजे ढोबळ २५० एकर, तेव्हा २ हजार टँकर, २ कोटी लिटर. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे यायची, ५० वाघिणींच्या गाडीत साधारण २५ लाख लिटर, त्या हिशोबाने एका चौरस किलोमीटरखाली पाणी एक मीटर उतरलं तर अशा आठ गाड्या गेल्या. परत आठच! आधी मी आख्ख्या ५० चौरस किलोमीटर पाणलोटाचा हिशोब करून दोन मीटरला आठशे गाड्या असं लिहिलं होतं, पण आठशे गाड्या कुणाच्याही डोळ्यासमोर येत नाहीत, आठ येतात. शिवाय आमच्या विहिरी बहुतेक ओढ्याकाठच्या, माळावर खाली तेवढंच पाणी उतरलंय असं १४ विहिरींवरून म्हणणं बरोबर नव्हतं. म्हणून आठशे खोडले.

सरांनी एक पट्टा मात्र सांगायलाच लावला. बेसॉल्टमध्ये तो २ टक्के १ ही असू शकतो आणि ३ ही, म्हणजे आठ टँकर हे चार ते बारामधले आठ आहेत. हे एका वाक्यात सांगायचं आणि पुढे जायचं, कारण समोर अभियंते असणार आणि न सांगता त्यांनीच पकडलं तर बाकी सगळ्यावरचा विश्वास जातो. आणि खोल गेल्यावर घट्ट काळ्या कातळात याहून कमीच, ५०० फुटांच्या बोअरला भेगेतलं पाणी लागतं आणि भेग रिकामी झाली की बोअर फेल.

आता ऊस. हा भाग मी तीनदा लिहिला. पहिल्यांदा असा: वर्षाचा ऊस ढोबळ २ मीटर उंच पाणी पितो, एक मीटर घटीत आपण फक्त २ सेंटिमीटर पाणी गमावतो, म्हणजे एक एकर ऊस शंभर एकराखालचं पाणी एक मीटरने उतरवतो. ऐकायला जबरदस्त आहे पण खरं नाही. त्यातलं ५० सेंटिमीटर तरी पाऊस देतो, तेव्हा विहिरीतून साधारण दीड मीटर. पाटाने पाणी दिलं आणि विहिरीचं पाणी वरच असेल तर त्यातला पाव भाग परत झिरपतो. उरतं १ मीटरच्या थोडं वर, म्हणजे पंचावन्न एकराच्या आसपास. मी भाषणात पन्नास लिहिलं. शंभरने टाळ्या मिळाल्या असत्या, पण पन्नासवर कृषी अधिकाऱ्यांशी वाद होणार नव्हता आणि पन्नाससुद्धा पुरेसं भयंकर आहे हो. जिथे शंका तिथे आकडा आपल्या मुद्द्याच्या विरुद्ध बाजूला गोल करायचा, हे मी तेव्हापासून पाळतो.

एक आकडा मात्र गोल केला नाही. आमच्या पाणलोटाचा उपसा वर्षाला भरणाऱ्या पाण्याच्या ९७ टक्के होता. सहज तोंडात येतं 'शंभर टक्के', पण सरकारी वर्गवारीत ९० ते १०० म्हणजे शोषित आणि १०० च्या वर अतिशोषित. उंबऱ्याजवळचा आकडा ढोबळ सांगितला तर चुकीची वर्गवारी सांगितल्यासारखं होतं, म्हणून "शंभर रुपये जमा, सत्याण्णव खर्च" असं ठेवलं. भूजल कायद्यातली विहिरीच्या खोलीची ६० मीटरची मर्यादाही मीटरमध्येच, फक्त सोबत "म्हणजे दोनशे फूट".

शेवटी भाषण असं झालं, मधला तुकडा देतो:

"साहेब, आमच्या १४ विहिरींपैकी ११ मध्ये पाणी दरवर्षीपेक्षा पुरुषभर खाली आहे. ३ कोरड्या आहेत, आणि हा ऑक्टोबर आहे. एका एकराखाली पाणी एक मीटर उतरलं की आठ टँकर जातात, खडक बघून चार ते बारा, मी मधला धरतोय. तेच एक मीटर परत भरायला साधारण २०० मिलिमीटर पाऊस लागतो, कारण पडलेल्या दहा थेंबांतला एकच खाली पोचतो. आणि एक एकर उसाला विहिरीतून जे पाणी जातं ते पन्नास एकराखालच्या एक मीटरइतकं आहे."

हे आईला परत ऐकवलं. दुसऱ्या दिवशी तिने न अडखळता सांगितलं, आठ टँकर, तीन कोरड्या, पन्नास एकर. मग मी या तुकड्याबाहेरचे बहुतेक आकडे काढून टाकले.

बैठकीत माझी वेळ आली तेव्हा दहाची सहा मिनिटं झाली होती. वाक्यं छोटी होती म्हणून पुरली. प्रत्येक आकड्यानंतर थोडं थांबलो, लोकांना लिहून घ्यायला. पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांनी दोन टक्के कुठून आणले विचारलं, पट्टा आधीच सांगितला होता म्हणून तिथेच मिटलं. मग एका तहसीलदारांनी विचारलं, "तुमच्या पाणलोटात विहिरीवरचा ऊस किती एकर आहे?" आणि माझ्याकडे तो आकडा नव्हता. कृषीचे एक साहेब म्हणाले ई-पीक पाहणीत सिंचनाच्या साधनासकट नोंद असते, गावनिहाय काढून देतो. आता ती यादी आलीय, आणि गेले दोन आठवडे मी आणि दोन पोरं गटनंबर घेऊन बांधाबांधावर फिरतोय, कारण यादीत ऊस आहे म्हणून शेतात असेलच असं नाही, आणि नाही म्हणून नसेलच असंही नाही.