बदलापूर की परळ?

"टाटा हॉस्पिटलला बाबांच्या घशाच्या कॅन्सरचं सहा आठवडे रेडिएशन आहे. बदलापुरात चुलतभावाचं घर आहे, राहणं-खाणं फुकट. मग परळला खोलीचे पैसे कशाला घालायचे?"

घालू नकाच, पण आधी हिशेब पुरा मांडा. बहुतेक जण निम्म्यावरच थांबतात.

त्याआधी एक गोष्ट विचारून घ्या: रेडिएशन परळला होणार की खारघरला? टाटाचं दुसरं केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे आणि काही पेशंटना तिकडे पाठवतात. परळला खोलीचा आगाऊ भरून बसायचं आणि मशीनची तारीख खारघरची, असं नको.

समजा, परळलाच आहे. रेडिएशन सोमवार ते शुक्रवार, म्हणजे तीस फेऱ्या, आणि मुक्काम बेचाळीस दिवसांचा. पाचशे रुपये रोजाची खोली धरली तर एकवीस हजार होतात. बदलापूरहून लोकलचा पास स्वस्त पडतो, पण पास स्टेशनापुरताच. घरापासून स्टेशनापर्यंत रिक्षा आणि दादरपासून टॅक्सी मिळून जाऊन-येऊन अडीचशे धरा. तीस दिवसांचे साडेसात हजार. त्यात पासाचे पैसे मिळवले तरी बारा-तेरा हजार वाचतात. इथवर तुमचं बरोबर आहे आणि मी ते नाकारत नाही. वेळेचा मुद्दाही मी ताणत नाही. दारापासून दारापर्यंत दोन तास, परतीचे दोन. मुंबईत एवढं लोक रोज करतात.

पण ते निरोगी लोक. फास्ट लोकल सहसा परळला थांबत नाही. दादरला उतरायचं, टॅक्सी मिळाली नाही तर स्लो पकडून परळ, पुढे जिना आणि रस्ता. निरोगी माणसाला परळ स्टेशनाहून टाटा दहा-पंधरा मिनिटं. ज्याचा घसा सोलून निघालाय, नाकात नळी आहे आणि वजन उतरतंय, त्याला ते अंतर वेगळंच असतं.

खरा मुद्दा इथे आहे. तोंडा-घशाच्या रेडिएशनचा त्रास पहिल्या दिवसापासून होत नाही. पहिला आठवडा, दीड आठवडा पेशंट म्हणतो, "काहीच होत नाही." दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येतं, गिळणं अवघड होतं, थकवा चढतो. शेवटच्या आठवड्यांत त्रास सगळ्यात जास्त, आणि रेडिएशन संपल्यावरही दोनेक आठवडे तो तसाच राहतो, मग हळूहळू उतरतो. म्हणजे लोकलने जाणं जमेल की नाही हे पहिल्या आठवड्यावरून ठरवता, आणि तोच आठवडा फसवतो. चौथ्या आठवड्यात कॅब करावी लागते. बदलापूर ते परळ एका वेळचे दीड हजार धरा. जाऊन-येऊन तीन हजार. पाच दिवस असे गेले की वाचवलेले बारा-तेरा हजार संपले, वर थोडे खिशातूनच.

पैशापेक्षा वाईट म्हणजे चुकलेला दिवस. पावसात सायन-कुर्ल्याला पाणी भरलं की मध्य रेल्वे ठप्प. राहिलेला डोस पुढे जोडून देतात, पण उपचार लांबतात, आणि तोंडा-घशाच्या कॅन्सरमध्ये असं लांबणं परिणाम कमी करतं. रविवारच्या मेगाब्लॉकची मात्र काळजी नको, त्या दिवशी रेडिएशन नसतं.

सोबत केमो असेल तर आणखी एक. पांढऱ्या पेशी खाली असताना ताप १००.४ फॅरनहाइटला गेला की सकाळची वाट बघायची नसते. रात्री दोनला बदलापुरात ताप आला तर कुठे न्यायचं, हे आधीच डॉक्टरांना विचारून लिहून ठेवा.

पूर्वी मी सरसकट परळच सांगत होते. आता तसं सांगवत नाही. परळच्या लॉजवर बहुधा शेगडी पेटवू देत नाहीत, आणि ज्याला पेज, वरणाचं पाणी याशिवाय काही उतरत नाही त्याला हॉटेलचं जेवण उपयोगाचं नाही. भावाच्या घरी वहिनी चार वेळा पेज करून देते, ते खोलीच्या भाड्यात मिळत नाही.

म्हणून मी मुक्काम तोडायला सांगते. पहिले दोन आठवडे बदलापूर. रेडिएशनची वेळ दुपारची मिळते का विचारा, म्हणजे सकाळच्या गर्दीत चढावं लागणार नाही. दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटना बसता येतं. हॉस्पिटलचे कागद जवळ ठेवा. तिसऱ्या आठवड्यापासून जवळची, स्वयंपाक करता येईल अशी जागा, तीही रेडिएशन संपल्यावर दोन आठवड्यांपर्यंत. ही विभागणी केली तरी बदलापूरपेक्षा जास्तच खर्च येतो, हे मान्य.

अडचण एवढीच की तिसऱ्या आठवड्यात शोधायला निघालात तर जागा मिळणं कठीण. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा असो की दुसरी कुठली, खोली सहसा लगेच रिकामी नसते. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी फाइल घेऊन जा आणि नाव लावा, बदलापूरला राहणार असलात तरीही.