कुलूप होतं म्हणून शेजारचं घर

मध्य रेल्वेवरच्या एका उपनगरात आमचं सर्वेक्षण चालू होतं. नोकरीसाठीचा प्रवास आणि पाणीपुरवठा असे दोन विषय एकाच प्रश्नावलीत होते. टॅबवरून आलेला डेटा तपासणं हे माझं काम. त्या दिवशी आलेला तक्ता बघून कोणीही खूश झालं असतं, कारण निवडलेली २०० घरं आणि भरलेले फॉर्म २००. शंभर टक्के प्रतिसाद! मुंबईच्या आसपास, जिथे सोसायटीचा वॉचमनच अर्ध्या वेळा आत सोडत नाही, तिथे हे शक्यच नाही.

म्हणून मुलाखतींच्या वेळा पाहिल्या. जवळजवळ सगळ्या सकाळी अकरा ते दुपारी चारमधल्या होत्या, तेही कामाच्या दिवसांत. मग फ्लॅट नंबर मूळ यादीशी ताडले. यादीत ३०२, फॉर्म ३०३चा. यादीत ५०१, फॉर्म ५०४चा. अशी ८० घरं बदललेली निघाली.

टीममधल्या एका मुलीला फोन केला, तर ती अगदी सहज म्हणाली, "मॅडम, कुलूप होतं म्हणून शेजारचं घेतलं. टार्गेट पूर्ण व्हायला हवं ना?"

तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. मानधन भरलेल्या फॉर्मवर मिळतं, कुलपावर नाही. पण ज्या घराला दुपारी बारा वाजता कुलूप असतं, तिथली माणसं बहुधा लोकलने लांब कामाला गेलेली असतात, आणि आमचा प्रश्न नेमका त्यांच्याबद्दलच होता. शेजारी बदली घेतल्याने नमुन्याची संख्या भरली, पण दुपारी घरात कोणी असणारी घरंच आणखी वाढली.

बदली घेतलेले ८० फॉर्म मी बाजूला काढले आणि टीमला त्याच मूळ घरांकडे परत पाठवलं, संध्याकाळी साडेसातनंतर आणि रविवारी सकाळी. त्यातली ४० घरं भेटली. उरलेल्यांपैकी २६ शेवटपर्यंत बंद राहिली आणि १४ जणांनी दारातूनच नकार दिला. (आकडे इथे सोपे करून सांगते आहे, चित्र तेच आहे.)

प्रश्न होता, घरातलं कोणी रोज एका बाजूला तासाहून जास्त प्रवास करतं का? दिवसा भेटलेल्या १२० घरांत ४८ जणांनी हो म्हटलं, म्हणजे ४० टक्के. बदलीच्या ८० घरांतही तेच ४० टक्के होते, त्यामुळे आधीचा तक्ता वरवर पाहता अगदी सुसंगत वाटत होता. उशिरा भेटलेल्या ४० घरांत मात्र २८ होकार आले, ७० टक्के. दोन्ही मिळून १६०पैकी ७६, म्हणजे ४७.५ टक्के.

न भेटलेल्या ४० घरांचं काय? ती सगळी 'नाही'वाली धरली तर २००मध्ये ३८ टक्के, सगळी 'हो'वाली धरली तर ५८. ती उशिरा भेटलेल्यांसारखी असतील असं मानलं तर ५२ टक्के. बंद घरांसाठी हे मानायला मला आधार वाटतो, पण नकार देणाऱ्या १४ घरांसाठी नाही. नकाराची कारणं वेगळी असतात, त्यांचा लोकलच्या वेळापत्रकाशी संबंध असेलच असं नाही.

पहिल्या मसुद्यात '४० टक्के, चूक-मर्यादा अधिक-उणे ७' असं लिहिलं होतं. हा ७ फक्त निवडीतल्या योगायोगाचा हिशेब देतो. जी घरं भेटलीच नाहीत त्यांच्यामुळे आकडा किती सरकला, हे त्यात येत नाही. वय आणि लिंगानुसार भारांकन करू, म्हणजे कमी भेटलेल्या गटांच्या उत्तरांना जास्त वजन देऊ, असंही एकाने सुचवलं. पण भारांकनात गृहीत असतं की दुपारी घरी भेटलेली तिशीतली बाई आणि न भेटलेली तिशीतली बाई प्रवासाच्या बाबतीत सारख्याच आहेत. आमची अडचण तिथेच होती.

मला सर्वांत आवडलेला भाग पाण्याच्या प्रश्नाचा. नळाला दिवसाला किती तास पाणी येतं, याचं उत्तर दिवसा भेटलेल्या आणि उशिरा भेटलेल्या घरांत जवळपास सारखंच निघालं. साहजिक आहे, एकाच इमारतीची टाकी एकच, दार उघडं असो वा बंद. म्हणजे तेच सर्वेक्षण, तोच ८० टक्के प्रतिसाद, तरी एक आकडा भरवशाचा आणि दुसरा डळमळीत. सर्वेक्षणतज्ज्ञ रॉबर्ट ग्रोव्हज यांनी २००६मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र मांडून हेच दाखवलं होतं: आकडा किती चुकला असेल, याचा अंदाज नुसत्या प्रतिसाद दरावरून फारसा बांधता येत नाही. न भेटण्याचं कारण आणि विचारलेली गोष्ट एकमेकांत किती गुंतलेली आहेत, हे प्रश्नागणिक पाहावं लागतं.

काम देणाऱ्या संस्थेच्या साहेबांना मात्र एकच आकडा हवा होता. "छापायचं काय ते सांगा, मॅडम." शेवटी पाण्याचा तक्ता जसाच्या तसा गेला. प्रवासाखाली ४७.५ टक्के छापले, लगेच पुढे '२००पैकी १६० घरे भेटली. न भेटलेली घरे धरता ३८ ते ५८ टक्क्यांची शक्यता' अशी ओळ त्याच आकाराच्या अक्षरात घातली. तळटीपेत टाकूया, असा आग्रह त्यांनी दोनदा धरून पाहिला.