मुळ्याची चकती आणि न सुटणारं कोडं

"मॅडम, बीएच्या पोरांचं प्रोजेक्ट ते! त्याला एवढे खोचक प्रश्न विचारायची काय गरज असते?"

पोरांना रडवायला नाही, हे आधी लिहून टाकते, कारण स्टाफरूममध्ये तसंच बोललं जातं.

गेल्या वर्षी आमच्या ठाण्याच्या कॉलेजात एका गटाने मुळ्याचा प्रयोग केला. मूळ प्रयोग अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांचा, १९९८ सालचा. ६७ विद्यार्थी, उपाशीपोटी. समोर ताजी चॉकलेट बिस्किटं आणि मुळे. काहींना फक्त मुळेच खायची परवानगी. मग सगळ्यांना न सुटणारं कोडं. मुळेवाल्यांनी सुमारे आठ मिनिटांत हात टेकले, बिस्किटवाले एकोणीस मिनिटं झगडले. मोह आवरण्यात मनाची ताकद खर्च होते, असा निष्कर्ष.

आमच्या पोरांनी बिस्किटांऐवजी गरम जिलेबी ठेवली. वीस जण इकडे, वीस जण तिकडे. जिलेबीवाले जास्त टिकले. स्लाइडवर ठळक अक्षरांत 'मूळ निष्कर्ष सिद्ध झाला'.

मी विचारलं, वीस-वीसच का? मध्यम आकाराचा फरक असेल, तर तो दहातल्या आठ वेळा हाती लागायला एकेका गटात चौसष्ट जण लागतात. वीस जणांत फरक दिसलाच, तर तो बहुधा असेल त्यापेक्षा मोठा दिसतो. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून जास्त लोकांवर हीच कल्पना तपासली, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. तिथे मुळे नव्हते, संगणकावर अक्षरं हुडकायचं काम होतं आणि बाउमायस्टर यांचा आक्षेप नेमका त्यावरच होता. म्हणजे काय केलं की प्रयोग 'पुन्हा केला' म्हणायचं, इथेच भांडण आहे. पोरांनी यावर चांगलं उत्तर दिलं. त्यांचं कौतुक मी केलं होतं, ते मात्र कोणी सांगत नाही.

पुढचा प्रश्न माझा नव्हताच. मागच्या बाकावरून एफवायची एक मुलगी उभी राहिली. ती या प्रयोगाला बसली होती, मुळेवाल्या गटात. तिने विचारलं, "ते कोडं सुटणारंच नव्हतं?"

वर्गात कोणी बोलेना. गटाच्या मुलीने गडबडीने सांगितलं की हो, मुद्दामच तसं दिलं होतं. "मग मला कोणी सांगितलं का नाही? मी घरी जाऊनही ती आकृती काढत बसले होते. पेन न उचलता, एकही रेघ दोनदा न गिरवता. सायकॉलॉजी सोडून दुसरा विषय घ्यावा असं वाटलं होतं मला." आवाज चढलेला नव्हता. हातातली वही मात्र तिने गुंडाळून नळी केली होती.

गटाचं म्हणणं खोटं नव्हतं. एकाला खरं सांगितलं की संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये निम्म्या वर्गाला कळणार, मग उरलेल्यांचं काय मोजायचं? म्हणून खुलासा शेवटी करायचं ठरलं आणि शेवटी तो राहूनच गेला. त्यात बसणाऱ्यांना इंटर्नलचे गुण होते. अर्ध्यात उठून जायची मुभा फॉर्मवर लिहिलेली, पण गुण मिळतील की नाही ते लिहिलेलं नाही. मग उठेल कोण?

मी स्वतः पूर्वी म्हणायचे की नीतिमत्तेचा मुद्दा म्हणजे सही केलेला फॉर्म फाइलला जोडणं, खरी कसोटी आकड्यांची. आता तसं म्हणवत नाही. पण उलटंही म्हणवत नाही. फसवल्याशिवाय चिकाटी मोजायची, तर सुटणारी पण अवघड कोडी द्यावी लागतील आणि मग चिकाटी मोजली की हुशारी, हा घोळ उरतोच. मी गटाला एवढंच सांगितलं की सगळ्यांची सत्रं एका दिवसात उरका, त्याच संध्याकाळी सगळ्यांना एकत्र खरं सांगा आणि गुण उठून जाणाऱ्यालाही द्या.

राहिला तिसरा प्रश्न, ज्यावर मला 'अति करता' म्हणतात: हे एफवायवाले म्हणजे कोण? स्लाइडवर 'माणसाचं मन' असं लिहिलं होतं. क्रिष्णा सावनी आणि वेरोनिका जॉब यांना २०१७ मध्ये भारतीय लोकांत उलटंच दिसलं: आधी अवघड काम केलेले पुढच्या कामात सरस ठरले. डोक्याला ताण दिला की ते तरतरीत होतं, ही समजूत आपल्याकडे जास्त आढळते, असं त्यांचं म्हणणं. मग आमच्या पोरांचा निकाल अमेरिकेसारखा का आला? वीस-वीसचा योगायोग? की आमच्या चाळिसांपैकी किती जणांना संकष्टी-एकादशीची सवय आहे, हे विचारलंच नव्हतं म्हणून? उपास करणाऱ्याला समोरची जिलेबी न खाणं ही रोजची गोष्ट. आणि ठाण्याच्या कॉलेजातली अठरा वर्षांची मुलं म्हणजे भारतही नव्हे. वागळे इस्टेटच्या कारखान्यात पाळी करून आलेला माणूस त्या कोड्यासमोर किती मिनिटं बसेल, मला सांगता येणार नाही. पोरांनाही येत नव्हतं, पण स्लाइड तर सांगत होती.

त्या गटाला मी पैकीच्या पैकी गुण दिले नाहीत, हे खरं. ती एफवायची मुलगी यंदा एसवायला आहे, सायकॉलॉजी घेऊनच. तिच्या गटाने प्रयोगाचा विषय अजून दिलेला नाही.