जमलं, आता प्रोफाइल आवरा

पोरीचं लग्न जमलं की चाळीसगावपासून शिरपूरपर्यंत सोयऱ्यांना दिवस मावळायच्या आत कळतं. कळत नाही ते विवाहाच्या संकेतस्थळाला. तिथे ती अजून स्थळ शोधतच असते.

आमच्या धुळ्याच्या पुतणीची सुपारी फुटली आणि भाऊंनी तिचं प्रोफाइल 'लपवून' टाकलं. महिन्याभरानं फोन पुन्हा खणखणू लागले. त्या संकेतस्थळावर लपवण्याला मुदत होती. ती संपली तसं प्रोफाइल आपोआप वर आलं. खोडूनच का नाही टाकलं, असं मी विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, "साखरपुडा तर होऊ द्या!" आपल्याकडे हे भय खरंच असतं, त्याला हसण्यात अर्थ नाही.

मग साखरपुड्यापर्यंत प्रोफाइल लपवलेलंच ठेवायचं, पण आतून रिकामं करायचं, असं ठरलं. फोटो निघाले. पत्रिका मात्र फोटोंमध्ये नव्हतीच. ती जन्मकुंडलीच्या रकान्यात वेगळी चढवलेली होती. तिच्यावर जन्मतारीख, वेळ, गाव आणि आईवडिलांची पूर्ण नावं. गुण जुळवायला हे सगळं लागतं, कबूल. पण बँकेच्या नावानं फोन करून गंडवणाऱ्यालाही नेमकं हेच हवं असतं. पत्रिका काढली, जन्मवेळ पुसली, मोबाइल 'कोणालाही दाखवू नका'वर टाकला. ज्यांनी तो आधीच उतरवून घेतला होता, त्यांच्यापुढे इलाज नव्हता.

आलेल्या मागण्यांना 'लग्न ठरलं आहे' एवढं उत्तर देऊन टाकायला सांगितलं. समोरही कोणाचा तरी बाप वाट बघत असतो.

साखरपुडा झाला त्या रात्री खातं कायमचं काढलं. ओटीपी भाऊंच्या फोनवर येणार होता, कारण नोंदणी त्यांच्या नंबरावर. म्हणून त्यांना पंगतीतून उठवावं लागलं. वर्गणीचं ऑटोपे मात्र खात्याबरोबर जाईल असं धरून चालू नये. आम्ही ते यूपीआय ॲपमध्ये जाऊन वेगळं बंद केलं. भाऊंच्या साडूचा मुलगा त्याच संकेतस्थळावर मुली बघतोय. त्याच्या खात्यातून पुतणीला शोधलं, सापडली नाही. आपल्याच खात्यातून बघून ही खात्री होत नाही.

राहिला समाजाच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणारा बायोडाटा. त्यावर फोटो, मामकूळ, घरचा पत्ता, सगळंच. आपण पाठवलेला संदेश सर्वांसाठी खोडायला जेमतेम अडीच दिवस मिळतात. हा तर दिवाळीतला. तो आता परत घेता येत नव्हता, आणि लोकांच्या फोनमध्ये उतरलेली फाइल तर तिथेच राहते.

परवा अमळनेरहून एकांचा फोन आला. भाऊ म्हणाले, "जमी गयं, दादा." पलीकडून लगेच प्रश्न, "मग धाकटी शे का?"