तुम्ही विचारलंत म्हणून: रोबोटचा हात आणि लेथचा प्ले

"काका, आयुष्य इंजिनं खोलण्यात गेलं तुमचं. मग या वयात नातीकडून रोबोटचा हात चालवायला कसे काय शिकलात?"

कराडकडच्या आमच्या गावात पंपाचं इंजिन, मोटर आणि उसाच्या रसाचा चरक, सगळं माझ्याच शेडमध्ये येतं. नात डिप्लोमाला आहे. सुट्टीत ती प्रोजेक्टचा हात घेऊन आली. सांगितलेल्या अंशावर जाऊन थांबणाऱ्या चार सर्व्हो मोटरी आणि त्यांना प्रोग्रॅमनं चालवणारा एक आर्डुइनो बोर्ड. "आजोबा, तुम्ही सांधे बघा, प्रोग्रॅम मी शिकवते," म्हणाली.

तिनं पहिल्यांदा सर्व्होंना नावं दिली ती आपल्या अंगाचीच: kambar, khanda, kopar, mooth. प्रोग्रॅममध्ये नाव काय ठेवायचं हे आपल्यावर असतं, हे कळल्यावर माझी भीती निम्मी गेली. बाकी ओळ सोपी. `kambar.write(90)` म्हणजे कंबर नव्वद अंशावर ने. सर्व्होला शून्य ते एकशे ऐंशीमधला आकडा द्यायचा आणि `delay` लिहून तो पोहोचेपर्यंत थांबायचं. आकडा मोठा बदलला की हात झटका देतो, म्हणून तिनं एकेक अंश वाढवणारी आवर्तनं शिकवली. ती मला दोन संध्याकाळी जमली.

काम असं ठरवलं की नोझलखाली बसणारी तांब्याची वॉशर ट्रेमधून उचलायची आणि उभ्या पिनेवर घालायची. चारही सर्व्हो एकदम हलले की हात मध्येच सुरुवातीच्या जागी जायचा. मल्टिमीटर लावला, तर हलताना बोर्डावरचं व्होल्टेज पडत होतं आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होता. सर्व्होंना वेगळा सप्लाय दिला, त्याची निगेटिव्ह बोर्डाच्या निगेटिव्हला जोडली, आणि ते थांबलं.

पण वॉशर पिनेवर बसेना. ट्रे एका बाजूला होता, हाताची विसाव्याची जागा दुसऱ्या बाजूला. विसाव्याकडून आला तर पिनेच्या एका बाजूला पडायची, ट्रेकडून आला तर दुसऱ्या बाजूला. कंबरेचा आकडा तोच, ६०. नात आकडा ६१ करून बघायची, ५९ करून बघायची. एका बाजूनं जमायचं, दुसऱ्या बाजूनं बिघडायचं. कंबरेपासून मुठीपर्यंत हात ३० सेंटिमीटर आहे. तेवढ्या लांबीवर एका अंशाची चूक टोकाला 5 मिलिमीटरच्या आसपास होते, आणि वॉशरचं भोक तर त्याहून थोडंच मोठं.

हे मला ओळखीचं होतं. लेथची क्रॉस स्लाइड पुढे नेऊन मागे घेतली की हँडल थोडं फिरतं, पण स्लाइड हलत नाही. स्क्रू आणि नटामधला तो प्ले. म्हणून खुणेवर यायचं ते नेहमी एकाच बाजूनं: पलीकडे गेलो तर बरंच मागे घ्यायचं आणि परत त्याच बाजूनं यायचं. मी नातीला टोक धरून हात डावी-उजवीकडे हलवून दाखवला. मोटर चालू होती, तरी टोक हलत होतं. सर्व्होच्या दातेऱ्यांत आणि सांध्यात ढिलाई होती.

मग तिनं विचारलं, खांद्याला हा त्रास का होत नाही? खांद्यावर हाताचं वजन कायम खाली ओढत असतं, त्यामुळे दाते एकाच बाजूला टेकून बसतात. कंबर आडवी फिरते, तिला तसं टेकवणारं काही नाही. म्हणून त्रास कंबरेलाच.

लेथवरची रीत प्रोग्रॅममध्ये कशी लिहायची, हे तिनं शिकवलं:

```
void kambarNe(int kon) {
  kambar.write(kon + 8);
  delay(400);
  kambar.write(kon);
  delay(400);
}
```

हात कुठूनही येवो, आधी आठ अंश पुढे जातो आणि मग मागे येऊन ठरल्या जागी थांबतो. आठच का, असं काही नाही. ढिलाईपेक्षा जास्त हवं एवढंच. जागा मात्र १७२ अंशांच्या आत ठेवाव्या लागतात, कारण १८०च्या पुढचा आकडा दिला तरी सर्व्हो १८०वरच थांबतो आणि मग पुढे जाऊन मागे येण्याला पुरती जागा उरत नाही. हे बदलल्यावर ट्रेकडून येवो की विसाव्याकडून, वॉशर पिनेवर बसू लागली. दोन्हींकडून आलेल्या टोकातला फरक डायल गेजवर बघितला. सुई बऱ्यापैकी एकाच ठिकाणी येत होती.

यानं झीज भरून येत नाही. दाते झिजतील तशी ढिलाई वाढणार. म्हणून मोटर चालू ठेवून टोकाला डायल गेज लावतो, बोटानं दोन्हीकडे दाबतो आणि सुई किती फिरते ते वहीत लिहितो. आकडा वाढत गेला की कंबरेचा सर्व्हो काढून नवा बसवायचा, आणि नव्या सर्व्होवर नव्वद अंशाची जागा पुन्हा जुळवून घ्यायची. ते जुळवणं नात मला फोनवर सांगते. पाना माझ्या हातात, आकडे तिच्या.