एक की दोन?

सातपूरच्या एका कारखान्याचं ऑफर लेटर आलं तेव्हा मी अंबडहून घरी येत होते. पगाराचा आकडा बसमध्येच तीनदा वाचून झाला. तारीख मात्र रात्री वाचली. पीडीएफमध्ये लिहिलं होतं, रुजू व्हायचा दिवस 1 जून 2025. सोबतच्या मेलमध्ये मात्र ‘सोमवार, 2 जून’. कॅलेंडर काढलं तर एक तारखेला रविवार.

एका दिवसाचा फरक. कोणीही म्हणेल, जाऊ दे. मीही म्हटलं असतं, पण माझी नोटीस तीस दिवसांची होती. 2 मेला राजीनामा दिला आणि मोजणी दुसऱ्या दिवसापासून धरली, तर तिसावा दिवस येतो 1 जूनला. म्हणजे रविवारी मी जुन्या कंपनीचीही आणि नव्याचीही. पीएफच्या खात्यात सोडल्याची आणि रुजू झाल्याची तारीख एकमेकींवर चढली, तर पैसे वळवण्याचा अर्ज अडकेल, अशी तेव्हा भीती होती. माझ्या एका सहकाऱ्याचा असाच अडकला होता आणि बिचारा कित्येक महिने दोन्हीकडच्या एचआरला फोन करत बसला होता.

उत्तर शुक्रवारपर्यंत, म्हणजे 2 मेपर्यंत द्यायचं होतं. मंगळवारी रात्री मी पहिला मसुदा लिहिला. त्यात दोनदा ‘माफ करा’ होतं आणि मुख्य वाक्य असं: ‘तारखेचा खुलासा झाल्यास मी ही नोकरी स्वीकारेन.’ मला ते फार सभ्य वाटलं. आईने ऐकलं आणि म्हणाली, “उद्या अक्षय्य तृतीया आहे. उद्याच पाठव, आणि हे ‘झाल्यास-बिल्यास’ काढ. मुलगी पसंत आहे, पण हॉलचं कळल्यावर सांगतो, असं कोणी म्हणतं का?”

सकाळी खालच्या मजल्यावरच्या वकील काकांना आमरसाची वाटी द्यायला गेले. त्यांनी चष्मा लावून मसुदा वाचला आणि आईचंच म्हणणं कायद्याच्या भाषेत सांगितलं. आपला करार कायदा 1872 चा. त्याच्या सातव्या कलमानुसार स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त असावा लागतो. होकाराला अट जोडली की तो होकार राहत नाही, आपणच समोर ठेवलेला नवा प्रस्ताव होतो. तो मान्य करायचा की नाही, हे मग त्यांच्या हातात. “पण प्रश्न विचारणं म्हणजे अट घालणं नव्हे,” काका म्हणाले. “आधी होकार दे, पूर्णविराम टाक. मग विचार.”

त्या पूर्णविरामाने माझं काम सोपं केलं. दुसरा मसुदा त्यांच्याच मेलला उत्तर म्हणून लिहिला, म्हणजे ऑफर आणि होकार एका साखळीत राहिले. मेल इंग्रजीत होता, पण मराठीत साधारण असा: ‘आपल्या पत्रातील पद आणि वेतन मला मान्य आहे, मी ही नोकरी स्वीकारत आहे. एक खुलासा हवा होता. पत्रात 1 जून (रविवार) आहे, मेलमध्ये सोमवार, 2 जून. माझी नोटीस 1 जूनला संपते, त्यामुळे मी 2 जून धरून चालले आहे. ते बरोबर आहे का, एवढं कळवावं.’

शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ घालवला. नुसतं ‘तारीख कोणती?’ विचारलं असतं तर समोरच्या माणसाला कागद उघडून, दोन्हीकडे पाहून, साहेबांना विचारून ठरवावं लागलं असतं. मी उत्तर लिहूनच दिलं, त्याला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. एचआरच्या माणसाचा दिवस कसा जातो हे मी आमच्या कंपनीत पाहिलेलं आहे.

ऑफर लेटरवर पेनाने एकाचा दोन करावा, असाही मोह झाला होता. काकांनी तो मोडून काढला. कागद त्यांचा, दुरुस्तीही त्यांनीच करायची.

मेल गेला आणि दुसऱ्या दिवशी 1 मेची सुट्टी. तो गुरुवार संपता संपेना. राजीनामा टाइप करून ठेवला होता, पण पाठवला नाही. तारीख लेखी आल्याशिवाय जुनी खुर्ची सोडायची नाही, एवढं भान होतं. शुक्रवारी अकराच्या सुमारास उत्तर आलं: ‘2 जून, कन्फर्म्ड.’ सोबत दुरुस्त पत्र. मी आधी ते उघडून तारीख पाहिली, मग सही केली, मग राजीनामा पाठवला. आमच्या एचआरला विचारलं, आजचा दिवस धरणार का? तो म्हणाला, “नाही मॅडम, उद्यापासून.”

त्यामुळे 1 जूनच्या रविवारी कागदोपत्री मी अंबडच्या कंपनीत नोटिशीचा तिसावा दिवस भरत होते. प्रत्यक्षात गंगापूर रोडला तर्रीवाल्या मिसळीत दुसरा पाव बुडवत होते.