मण्यारवाला प्रश्न, दुसरा राउंड: आकडे आले

मंडळी, सर्पदंश प्रशिक्षणाच्या टेस्टचे नवीन आयटम या बॅचवर चालवून झाले, चाळीस जणांची उत्तरं शीटमध्ये आलीत. पंचवीसही प्रश्नांचं पुराण लावत नाही, तीनच प्रश्न घेतो, कारण त्यांनी तीन वेगवेगळ्या गोष्टी दाखवल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे प्रशिक्षण गावपातळीवरच्या स्वयंसेवकांचं असतं, साप पकडायचं नाही, फक्त ओळख आणि दंश झाल्यावर काय करायचं एवढंच, आणि मी तिथे निव्वळ हौसेने प्रश्न लिहून देतो.

पहिला मण्यारवाला. जुन्या बॅचच्या पेपरात याचे पर्याय होते मण्यार, धामण, अजगर आणि मांडूळ, म्हणजे विषारी साप एकच, मग प्रशिक्षणाला न बसलेला माणूसही तो उचलणार. असा प्रश्न काय मोजतो तर विषारी-बिनविषारी एवढंच, आणि ते तर सगळ्यांना शाळेपासून येतं. आता स्टेम, म्हणजे प्रश्नाचा मजकूर, असं आहे: पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, गिळता येत नाही, अंगावर सूज नाही, खूणही सापडत नाही. दंश कोणाचा असण्याची शक्यता सर्वात जास्त? पर्याय: नाग, घोणस, मण्यार, फुरसे.

हे पर्याय मी मनाने नाही निवडले. आधीच्या बॅचला हाच प्रश्न पर्यायांशिवाय दिला होता, एका ओळीत उत्तर लिहा म्हणून, आणि चिठ्ठ्या मोजल्या. चुकीच्या उत्तरांत नाग सगळ्यात जास्त वेळा आला, ते बरोबरच आहे कारण नागाचं विषही मज्जासंस्थेवर जातं, पापण्या त्यातही पडतात, फरक एवढाच की नागाच्या दंशाला बहुतेक वेळा दुखतं आणि सूज येते, मण्यारच्या दंशाला बऱ्याचदा दोन्ही नाही. म्हणजे नाग निवडणाऱ्याने पापण्यांचं वाक्य वाचलं पण सुजेचं सोडून दिलं. चांगला डिस्ट्रॅक्टर, म्हणजे चुकीचा पर्याय, हाच, अर्धी माहिती असलेल्याला जो बरोबर वाटतो. घोणस पण चिठ्ठ्यांमध्ये होती. फुरसे मात्र कोणी लिहिलं नव्हतं, चार मुख्य विषारी सापांचा सेट पूर्ण दिसावा म्हणून घातलं.

एक जाता जाता. स्टेममध्ये 'कोणती चावली असेल' लिहिलं की घोणस आपोआप पुढे येते, 'कोणता चावला' लिहिलं की नाग, आणि फुरसे नपुंसकलिंगी असल्यामुळे दोन्हीकडून बाद. परीक्षेत तरबेज लोक असल्या गोष्टी बरोब्बर हेरतात. म्हणून 'दंश कोणाचा'.

आता आकडे. बरोबर उत्तर २३ जणांचं, म्हणजे पी व्हॅल्यू, बरोबर उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण, ०.५८. नाग १०, घोणस ६, फुरसे १. मग सगळ्यांना एकूण मार्कांनी लावून घेतलं आणि वरचे ११, खालचे ११ काढले (नेहमीचं २७ टक्के, चाळीसचे होतात पावणेअकरा). वरच्यांत बरोबर १०, खालच्यांत ४, फरकाला अकराने भागलं की डी, म्हणजे प्रश्न वरच्या आणि खालच्या गटाला किती वेगळं करतो तो आकडा, आला ०.५५. एबेल या परीक्षातज्ज्ञाच्या ढोबळ पट्टीवर ०.४० च्या वर म्हणजे आयटम छान. शीट मार्कांप्रमाणे उतरत्या क्रमाने सॉर्ट केलेली असेल आणि E कॉलममध्ये या प्रश्नाची उत्तरं असतील तर एवढंच लागतं:

```
=COUNTIF(E2:E41,"मण्यार")/40
=(COUNTIF(E2:E12,"मण्यार")-COUNTIF(E31:E41,"मण्यार"))/11
```

पण खरी मजा पर्यायवार मोजण्यात आहे. नाग निवडणाऱ्या दहांपैकी सहा जण मधल्या गटातले निघाले, वरचा एक, खालचे तीन. घोणस निवडणाऱ्या सहापैकी चार खालच्या गटातले. म्हणजे घोणस ही ज्याला काहीच नीट आठवत नाही त्याची निवड आणि नाग ही अर्धवट आठवणाऱ्याची, एकाच प्रश्नात दोन थर दिसले. प्रशिक्षकांना मी हेच सांगितलं, की मज्जासंस्थेचं डोक्यात बसलंय, सूज नसण्याचं बसलं नाही, पुढच्या वेळी तिथे दहा मिनिटं जास्त द्या. फुरसे एकानेच घेतलं, अडीच टक्के, आणि पाच टक्क्यांच्या खालचा डिस्ट्रॅक्टर हा जागा अडवून बसलेला पाहुणा समजायचा. काढून टाकतोय. चौथा पर्याय शोधत बसणार नाही, तीन पर्यायांचा प्रश्न चार पर्यायांच्या प्रश्नाइतकंच काम करतो यावर मायकल रॉड्रिगेझ यांचं २००५ चं विश्लेषण आहेच, ८० वर्षांचा अभ्यास एकत्र करून केलेलं.

आता दुसरा प्रश्न, ज्याच्यासाठी खरं म्हणजे ही पोस्ट लिहायला घेतली. स्टेम: हाताला दंश झालाय, दवाखाना पाऊण तासावर आहे, काय करावं? अ: दंशाच्या वर दोरीने घट्ट आवळावं. ब: हात फळीच्या आधाराने स्थिर ठेवून, न आवळता दवाखान्यात न्यावं. क: बोटांपासून वरपर्यंत क्रेप बँडेज दाबून गुंडाळावं, फळी लावावी आणि दवाखान्यात न्यावं. ड: जखमेवर काप घेऊन रक्त जाऊ द्यावं. उत्तर ब.

पी आला ०.६३. एकदम गोंडस आकडा, चार पर्यायांच्या प्रश्नाला पुस्तकात जो आदर्श सांगतात तोच (अंदाजपंचे मिळणारे २५ टक्के आणि पूर्ण १०० यांच्या मधोमध). नुसता पी बघणारा माणूस इथे टिक मारून पुढे गेला असता. डी काढला तर उणे ०.१८! खालच्या अकरापैकी ७ बरोबर आणि वरच्या अकरापैकी ५ च. उणे डी दिसला की पहिलं काम आन्सर की तपासायची, कारण बहुतेक वेळा चुकीचं अक्षर टाईप झालेलं असतं. की बरोबर होती. मग वरचे बाकीचे सहा गेले कुठे, तर सगळेच्या सगळे क वर. खालच्या गटातला क वर फक्त एक, तिथले तीन अ वर.

दोघातिघांना फोन करून विचारलं की क का घेतला, आणि उत्तर लगेच मिळालं. हे लोक घरी जाऊन जास्तीचं वाचणारे. ऑस्ट्रेलियात प्रथमोपचार म्हणून प्रेशर बँडेज गुंडाळून हात स्थिर करायला शिकवतात, तिथले धोक्याचे साप नागाच्या कुळातले आणि विष मुख्यतः लसिकावाहिन्यांतून पसरतं म्हणून ते तिथे लागू पडतं. आपल्याकडे घोणस आणि फुरसे आहेत, त्यांचं विष दंशाच्या जागेचे स्नायू-कातडी खराब करतं, ते दाबून एकाच जागी कोंडलं तर तिथलं नुकसान वाढायची भीती, शिवाय दाब नेमका किती द्यायचा हे सरावाशिवाय जमत नाही. म्हणून भारतातल्या २००७ च्या राष्ट्रीय प्रोटोकॉलमध्ये धीर द्या, हाड मोडल्यावर करतो तसा अवयव स्थिर करा, दाबू नका, दवाखान्यात न्या असं आहे. आमच्या प्रशिक्षणात 'आवळू नका' एवढं सांगितलं जातं, क्रेप बँडेजचं नावही निघत नाही. मग ज्याने जास्त वाचलं तो फसला आणि ज्याने फक्त वर्गात ऐकलं तो बरोबर आला.

इथे दोन मतं होतील. आमच्या ग्रुपमधल्या एका ताईंचं म्हणणं की क हा उत्कृष्ट डिस्ट्रॅक्टर आहे, लोक खरंच अशी चूक करतात, मग तो राहू द्या. मला पटत नाही. डिस्ट्रॅक्टर जाणकार माणसाच्या नजरेतून निर्विवाद चुकीचा पाहिजे आणि अर्धवट माणसाला बरोबर वाटला पाहिजे. इथे उलटं झालंय, जगात एका ठिकाणी तेच उत्तर बरोबर आहे आणि स्टेममध्ये ठिकाण लिहिलेलं नाही. त्यामुळे हा प्रश्न गुणांतून काढला. काढल्यावर एकूण मार्क बदलतात, वरचा-खालचा गटही थोडा हलतो, म्हणून बाकीच्या प्रश्नांचे डी परत काढावे लागले, हे विसरू नका (मण्यारचा डी वर दिलाय तो परत काढलेलाच आहे). पुढच्या वेळी स्टेम 'भारतातल्या उपचार-मार्गदर्शिकेप्रमाणे' असं सुरू होईल, आणि प्रशिक्षणात क्रेप बँडेजबद्दल पाच मिनिटं बोलणं होईल, ते झाल्याशिवाय क ठेवणं अन्याय आहे.

त्याच प्रश्नातला ड कोणीच निवडला नाही, शून्य. फुरसेसारखा तोही काढायचा का? नाही. प्रशिक्षणाच्या आधी घेतलेल्या चाचणीत काप घेणारे होते, नंतर संपले, म्हणजे तो पर्याय शिकवण्यामुळे रिकामा झालाय. आधीची चाचणी हातात नसेल तर मुळातच न चाललेला पर्याय आणि शिकवण्यामुळे रिकामा झालेला पर्याय सारखेच दिसतात.

याच मुद्द्यावर तिसरा प्रश्न, थोडक्यात. दोन फोटो, मण्यार कोणता आणि त्याच्यासारखा दिसणारा बिनविषारी कवड्या कोणता. मण्यारचे पांढरे पट्टे मानेजवळ पुसट किंवा नसतातच आणि शेपटीकडे ठळक होत जातात, कवड्याचं बरोबर उलटं. प्रशिक्षणाआधी १३ जण बरोबर, नंतर ३६. नंतरचा पी ०.९० आणि डी ०.१८, एबेलच्या पट्टीवर सरळ नापास. पण इथे ती पट्टी लावायचीच नाही, ती लोकांना रांगेत लावणाऱ्या परीक्षेसाठी आहे, आणि आपल्याला तर सगळ्यांनाच हे यायला हवंय. सगळ्यांना आलं की डी पडणारच. अशा वेळी नंतरचा पी वजा आधीचा पी बघायचा, ०.९० वजा ०.३३, म्हणजे ०.५७ च्या आसपास. कॉक्स आणि वर्गास यांनी १९६६ मध्येच हे सुचवलं होतं. आयटम कायम.

हे सगळं चाळीस जणांवर आहे हे ध्यानात ठेवा. गट अकराचा, एका माणसाने उत्तर बदललं की डी ०.०९ ने हलतो, त्यामुळे ०.३५ आणि ०.४५ मध्ये फरक शोधत बसू नका. उणे आला, शून्याजवळ आला, किंवा वरचा गट एकाच चुकीच्या पर्यायावर गोळा झाला, एवढंच एवढ्या लहान बॅचमधून भरवशाने कळतं.

पुढच्या बॅचसाठी नवीन आयटम तयार करतोय, तो त्या जुन्या चिठ्ठ्यांमधूनच निघाला. बऱ्याच जणांनी मण्यारच्या प्रश्नाला 'साप नाहीच, पोट बिघडलंय' लिहिलं होतं. सगळे पर्याय एका जातीचे हवेत म्हणून तेव्हा ते बाजूला ठेवलं, पण मण्यारच्या दंशात वेळ वाया जातो तो याच समजुतीमुळे. म्हणून आता तेच स्टेम ठेवून विचारणार की आधी काय कराल, आणि पर्याय: पित्ताची गोळी देऊन दुपारपर्यंत वाट बघणे, अंगावर खूण सापडेपर्यंत शोधणे, सर्पदंशाची लस असलेल्या दवाखान्यात लगेच नेणे. तिन्हींची लांबी सारखी करायची राहिलीय, आत्ता बरोबर उत्तर सगळ्यात लांब आहे, ते वाचूनच ओळखू येतं. कोणाला छोटं वाक्य सुचलं तर टाका.